जॅकजवळचे सत्तेचाळीस ओहम

घरी बनवलेल्या किंवा किटमधून जोडलेल्या हेडफोन अँप्लिफायरचं झाकण उघडलंत, तर ऑप-अँपच्या आउटपुटची पिन आणि हेडफोनचा जॅक यांच्यामध्ये बहुधा एक रेझिस्टर सापडतो. कधी २२ ओहम, कधी १००, आणि बऱ्याचदा ४७ : पिवळा, जांभळा, काळा. सर्किट देणारा त्याच्यापुढे ‘संरक्षणासाठी’ एवढंच लिहितो. मग एके दिवशी ३२ ओहमचे नवे हेडफोन येतात. तबल्याचा बायाँ फुगल्यासारखा वाटतो, तंबोऱ्याची जवारी मागे सरकते, आणि आवाज वाढवला की ताना फाटतात. त्याच अँप्लिफायरवर ३०० ओहमचे हेडफोन मात्र छान वाजत असतात. त्यामुळे दोष नव्या हेडफोनला दिला जातो.

या दोन तक्रारींची मुळं वेगळी आहेत. आवाजाचा पोत बिघडतो तो त्या ४७ ओहममुळे. ताना फाटतात त्या ऑप-अँपला प्रवाह पुरत नाही म्हणून. दोन्हींवर एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून आधी मोजमाप करायचं आणि मग दुरुस्ती.

मोजण्यासाठी अर्ध्या वॉटचा ३३ ओहमचा रेझिस्टर, एक मल्टिमीटर आणि टोन वाजवणारा मोबाइल एवढं पुरतं. अट एकच : मीटरला २ व्होल्टची एसी रेंज हवी. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची खालची रेंज २०० व्होल्टची असते. त्यावर आपल्याला हवे ते मिलिव्होल्ट दिसतच नाहीत. टोन २०० हर्ट्झचा घ्या, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर विश्वासाचे राहत नाहीत. मोबाइलचा आणि अँप्लिफायरचा व्हॉल्यूम असा ठेवा, की जॅक मोकळा असताना डाव्या चॅनेलवर ०.३ व्होल्टच्या आसपास वाचन येईल. हे वाचन V0. आता कशालाही हात न लावता त्याच चॅनेलवर ३३ ओहमचा भार जोडा आणि नवं वाचन घ्या. ते V1.

```
Ro = RL × (V0 / V1 − 1)
```

समजा मोकळं वाचन ०.३०० आलं आणि भार जोडल्यावर ०.१२४. भागाकार २.४२, त्यातून १ वजा केला की १.४२, गुणिले ३३ म्हणजे साधारण ४७ ओहम. झाकण न उघडता रेझिस्टर सापडला. वाचन ०.३०० वरून ०.२९८ वर आलं असतं तर आउटपुट रेझिस्टन्स पाव ओहमच्या आत आहे असं समजायचं. त्याहून बारीक मोजणं या मीटरचं काम नाही, आणि त्याची गरजही नाही. आउटपुटला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर त्याचाही वाटा या वाचनात मिसळतो. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २०० हर्ट्झला साडेतीन ओहमच्या जवळपास अडथळा करतो आणि ५० हर्ट्झला साडेचौदा ओहम. आकडा टोनप्रमाणे बदलत असेल, तर मधे कपॅसिटर आहे हे ओळखावं.

आता हे ४७ ओहम आवाजाचं काय करतात ते पाहू. हेडफोनवर छापलेले ३२ ओहम ही एका ठिकाणची किंमत असते, बहुधा १००० हर्ट्झची. डायनॅमिक हेडफोनच्या पडद्याची स्वतःची एक लय असते, म्हणजे रेझोनन्स. तो बहुधा खर्जात, शंभर हर्ट्झच्या आसपास येतो. तिथे कॉइल जास्तीत जास्त हलते, उलटं व्होल्टेज जास्त तयार करते, म्हणून तिचा इम्पीडन्स वर चढतो. तुमच्या हेडफोनचा तो किती चढतो हे याच बिघडलेल्या अँप्लिफायरवर मोजता येतं. ४७ ओहमचा रेझिस्टर आयता मधे आहेच. जॅक मोकळा असताना ०.३०० व्होल्ट ठेवा, मग ३३ ओहमच्या जागी हेडफोन लावा आणि ४०, ६०, ८०, १०० हर्ट्झ असे टोन वाजवत हेडफोनच्या टोकांवरचं व्होल्टेज लिहीत जा. हेडफोन कानावर ठेवू नका, आवाज बराच मोठा असतो. पण त्याच्या गाद्या उशीवर दाबून ठेवा, कारण मोकळ्या हवेत रेझोनन्स वेगळ्या जागी दिसतो. ज्या टोनला वाचन सर्वांत जास्त, तो रेझोनन्स. तिथे इम्पीडन्स म्हणजे ४७ गुणिले V1, भागिले V0 आणि V1 यांतला फरक. आपल्या उदाहरणात ८० हर्ट्झला ०.१८९ व्होल्ट मिळाले असं धरू. ४७ गुणिले ०.१८९, भागिले ०.१११, म्हणजे ८० ओहम.

तर हेडफोन १००० हर्ट्झला ३२ ओहमचे आणि ८० हर्ट्झला ८० ओहमचे. ४७ ओहम मधे असताना १००० हर्ट्झला ऑप-अँपच्या व्होल्टेजचा ३२ भागिले ७९, म्हणजे ४० टक्के भाग हेडफोनला पोचतो. ८० हर्ट्झला ८० भागिले १२७, म्हणजे ६३ टक्के. हा फरक ३.८ डेसिबलचा आहे. टोन कंट्रोलची बासची खुंटी चांगली पिळावी एवढा. बायाँ फुगतो तो इथे. मधला रोध १० ओहम केला तर फरक १.३ डेसिबलवर येतो, ४ ओहम केला तर ०.६ वर, आणि १ ओहमला ०.२ डेसिबलसुद्धा उरत नाही. ते कुणालाही ऐकू येणार नाही.

‘डँपिंग’ नावाने जे बोललं जातं ते हेच, फक्त दुसऱ्या बाजूने पाहिलेलं. एखादा जुना वूफर असेल तर त्याची टोकं मोकळी ठेवून पडद्यावर हलकेच टिचकी मारा. बोदा, रेंगाळणारा आवाज येतो. मग टोकं तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा टिचकी मारा. आता आवाज आखूड आणि कोरडा येतो. कॉइल चुंबकात हलली की ती वीज निर्माण करते. टोकं जोडलेली असली की त्या विजेचा प्रवाह वाहतो आणि कॉइललाच आवरतो. कमी आउटपुट रेझिस्टन्सचा अँप्लिफायर म्हणजे जोडलेली टोकं, ४७ ओहमचा म्हणजे अर्धवट जोडलेली. ‘बास ३.८ डेसिबलने वाढला’ आणि ‘बास सैल झाला’ या दोन वेगळ्या तक्रारी मोजू नयेत. एकाच गोष्टीची ती दोन वर्णनं आहेत.

मात्र या आवरण्याला एक मर्यादा आहे, आणि जाहिराती ती सांगत नाहीत. आवरणारा प्रवाह हेडफोनच्या कॉइलच्या स्वतःच्या रोधातूनही वाहतो. ३२ ओहमच्या हेडफोनची कॉइल डीसी मापात ३० ओहमच्या आसपास असते. बाहेर ४७ ओहम असले तर एकूण ७७, म्हणजे विजेचा लगाम अडीच पटींहून अधिक सैल. बाहेर १ ओहम असला तर ३१, म्हणजे जेमतेम तीन टक्के सैल. तो एक ओहम खाली आणून दशांश ओहम केला तर तीन टक्क्यांचे ०.३ टक्के होतात, एवढाच लाभ. हेडफोनचा इम्पीडन्स भागिले अँप्लिफायरचा आउटपुट रेझिस्टन्स म्हणजे डँपिंग फॅक्टर. तो १ पेक्षा कमी असणं वाईट, ८-१० असणं चांगलं, आणि ३०० असणं ही फक्त छापील शोभा. शिवाय बऱ्याच हेडफोनमध्ये पडदा आवरण्याचं बरंचसं काम कापड, फोम आणि कपातली हवा करते. तिथे विजेच्या लगामाचा वाटा मुळातच लहान असतो.

‘आउटपुट रेझिस्टन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको’ असा एक प्रचलित नियम आहे. ३२ ओहमला ४, १६ ओहमला २. नियमाचं गणित सोपं आहे : इम्पीडन्स छापील आकड्यापासून कितीही वर गेला तरी फरक एका डेसिबलच्या फारसा पुढे जाऊ शकत नाही. पण इम्पीडन्स छापील आकड्याच्या खाली उतरत असेल, तर हा नियम हमी देत नाही. कानात घालायच्या, अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये नेमकं हेच होतं. आतल्या क्रॉसओव्हरमुळे मधल्या स्वरांना ४० ओहम आणि वरच्या स्वरांना ८ ओहम असा प्रकार सहज दिसतो. अशा इअरफोनला ४७ ओहमचा अँप्लिफायर वरचे स्वर १० डेसिबलने खाली बसवेल, १० ओहमचा ५ डेसिबलने, आणि १ ओहमचाही पाऊण डेसिबलने. त्यांच्यासाठी एका ओहमच्या आतच राहावं. याउलट प्लॅनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सरळ रेषेत असतो. त्याच्याशी कितीही रोध लावा, पोत बदलत नाही, फक्त आवाज कमी होतो. म्हणून दोन माणसं एकाच अँप्लिफायरबद्दल उलटसुलट मतं देतात आणि दोघंही खरं सांगत असतात.

मग हा रेझिस्टर आला कुठून? पूर्वीच्या रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळा अँप्लिफायर नसे. स्पीकरचंच आउटपुट शेकडो ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकवर आणलेलं असे. हेडफोनही बरेचसे २०० ते ६०० ओहमचे असत, त्यामुळे कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. १९९६ सालच्या आयईसी ६१९३८ या मानकाने तर हेडफोनच्या स्रोतासाठी १२० ओहम सुचवले होते. ऑप-अँपच्या सर्किटात मात्र रेझिस्टरला दोन खरी कामं आहेत. हेडफोनच्या केबलला शेकडो पिकोफॅरडची कपॅसिटन्स असते, ती थेट आउटपुटवर आली तर काही ऑप-अँप ऑसिलेट होतात. रेझिस्टर त्यांना केबलपासून थोडं वेगळं ठेवतो. दुसरं, प्लग आत घालताना क्षणभर आउटपुट आणि ग्राउंड एकमेकांना टेकतात, तेव्हा प्रवाहाला आळा बसतो. म्हणून रेझिस्टर उपटून तिथे तार जोडणं हा घाईचा उपाय झाला.

आता दुसरी तक्रार, ताना फाटण्याची. उदाहरणासाठी एनई५५३२ घेऊ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारा, आवाजाच्या कामातला जुना विश्वासू ऑप-अँप. पुरवठा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे अधिक-उणे ९. आउटपुट दोन्ही टोकांना सुमारे दीड व्होल्ट कमी पडतं, त्यामुळे शिखर साडेसात व्होल्टपर्यंत जातं. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यासाठी फक्त २५ मिलिअँपिअर लागतात. शिखराचे साडेसात म्हणजे आरएमएस ५.३ व्होल्ट, वर्ग करून ३०० ने भागलं की ९४ मिलिवॉट. छान.

तेच ३२ ओहमला करायचं तर शिखराला २३४ मिलिअँपिअर हवेत. डेटाशीटमध्ये ५५३२ चा शॉर्टसर्किट प्रवाह सर्वसाधारणपणे ३८ मिलिअँपिअर दिलेला आहे. त्याच्या पलीकडे तो जातच नाही. ३८ मिलिअँपिअर गुणिले ३२ ओहम म्हणजे शिखराला १.२ व्होल्ट, आणि शक्ती २३ मिलिवॉट. १६ ओहमला त्याच्या निम्मी, साडेअकरा. व्होल्टेज सहा पट शिल्लक पडलेलं, पण कामाचं नाही. बॅटऱ्या वाढवून अधिक-उणे १२ केल्या तरी ३२ ओहमला एक मिलिवॉटही जास्त मिळणार नाही, फक्त चिप जास्त तापेल. न वापरलेलं व्होल्टेज गुणिले प्रवाह, ही सगळी उष्णता त्या आठ पायांच्या पिटुकल्या डबीतूनच बाहेर पडायची असते.

इथे एक गंमत आहे. ४७ ओहमचा रेझिस्टर या २३ मिलिवॉटमधून काहीच घेत नाही. ३८ मिलिअँपिअरला ४७ अधिक ३२ ओहममधून जायला ३ व्होल्ट लागतात, आणि ऑप-अँपकडे साडेसात आहेत. म्हणजे प्रवाह अपुरा असलेल्या ऑप-अँपपुढे हा रेझिस्टर शक्तीच्या दृष्टीने निरपराध आहे, पोत बिघडवण्याच्या दृष्टीने नाही. तो काढून टाकला तरी ताना त्याच पातळीला फाटतील.

खात्री करायची असेल तर ३३ ओहमचा भार पुन्हा लावा, २०० हर्ट्झचा टोन ठेवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. वाचन सुरुवातीला सरळ चढतं. ०.९ व्होल्टच्या आसपास ते रेंगाळू लागतं. व्हॉल्यूम वाढतो, आकडा फारसा वाढत नाही. तिथे प्रवाहाची भिंत लागली. ही चाचणी काही सेकंदांत उरका, चिप तापते. वाचन अर्ध्या व्होल्टलाच अडलं, तर चिप नकली असण्याची शंका घ्यायला जागा आहे; ५५३२ च्या नावाने भलतंच काही विकलं जाण्याचे प्रकार होतात.

२३ मिलिवॉट कमी आहेत का? हे हेडफोनच्या संवेदनशीलतेवर आहे. एका मिलिवॉटला १०० डेसिबल देणारे हेडफोन २३ मिलिवॉटला ११३ डेसिबलच्या पुढे जातात. सरासरी ८० ते ८५ डेसिबलवर गाणं ऐकणाऱ्याला, वरची शिखरं धरूनही, हे पुरेसं आहे. त्याला शक्तीची गरज नाही, फक्त ४७ ओहमचा बंदोबस्त हवा. मिलिवॉटला ९० डेसिबल देणारे प्लॅनर असतील तर तेच २३ मिलिवॉट १०३-१०४ डेसिबलवर संपतात, आणि मोठा गतिभेद असलेल्या संगीतात शिखरं कापली जातात. खोक्यावर आकडा वाचताना तो प्रति मिलिवॉट आहे की प्रति व्होल्ट हे पाहा. ३२ ओहमला प्रति व्होल्टचा आकडा १५ डेसिबलने मोठा दिसतो, आणि विकणाऱ्याला मोठा आकडाच आवडतो.

पहिला उपाय, फक्त पोतासाठी. ४७ ओहमचा रेझिस्टर जागेवरच ठेवायचा आणि फीडबॅक त्याच्या पुढून घ्यायचा. सध्या फीडबॅकचा रेझिस्टर ऑप-अँपच्या आउटपुट पिनला जोडलेला असतो. तो ट्रॅक कापा आणि फीडबॅक रेझिस्टरचं ते टोक तारेने ४७ ओहमच्या जॅककडच्या बाजूला जोडा. आता ऑप-अँप स्वतःच्या पिनवरचं नव्हे, तर हेडफोनपाशी पोचलेलं व्होल्टेज पाहून दुरुस्ती करतो. पण फक्त एवढं केलंत तर केबलची कपॅसिटन्स फीडबॅकच्या वाटेत आली, आणि ऑसिलेशनची वेळ ओढवू शकते. म्हणून आउटपुट पिन आणि इन्व्हर्टिंग पिन यांच्यामध्ये थेट चिपच्या पायांवर १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. फीडबॅक रेझिस्टर एक ते सव्वादोन किलोओहमचा असेल तर हा कपॅसिटर ऐकू येण्याच्या पट्ट्यात काही करत नाही, पण खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपला केबल न दिसता थेट स्वतःचं आउटपुट दिसतं.

गेन ३ असेल तर आउटपुट रेझिस्टन्स आता २० किलोहर्ट्झलासुद्धा अर्ध्या ओहमच्या आत येतो, आणि १ किलोहर्ट्झला मोजण्यासारखाही उरत नाही. मीटरवर जे काही दिसेल ते जॅकच्या पात्यांचं आणि तारांचं. संरक्षण होतं तसंच राहतं, शक्तीही २३ मिलिवॉटच राहते. आवाज मात्र ८ डेसिबलने मोठा होईल, म्हणून पहिल्यांदा लावताना व्हॉल्यूम उतरवून ठेवा. ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीचा अँप्लिफायर असेल तर रेझिस्टर ४७ चा ठेवू नका. तिथे शिखर जेमतेम ३ व्होल्टचं मिळतं, आणि ३८ मिलिअँपिअरला नेमके तेवढेच लागतात. बॅटरी थोडी उतरली की क्लिपिंग सुरू. त्या जागी २२ ओहम घाला, दोन व्होल्टमध्ये काम भागतं.

दुसरा उपाय शक्ती हवी असणाऱ्यांसाठी. एनजेएम४५५६ए हा ऑप-अँप प्रत्येक भागातून सुमारे ७० मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेला आहे, आणि डबीत असे दोन भाग असतात. एका चॅनेलला एक अख्खी चिप द्यायची. दोन्ही भाग गेन १ चे बफर म्हणून जोडायचे, दोघांच्या इनपुटला आधीच्या ५५३२ चं आउटपुट, आणि प्रत्येकाच्या आउटपुटला १ ओहम लावून पुढे एकत्र. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या अभियंत्याने २०११ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ‘ओटू’ अँप्लिफायरमध्ये समांतर बफरांची हीच रचना होती. दोन एक-ओहम समांतर म्हणजे अर्धा ओहम, तोच आउटपुट रेझिस्टन्स. इथे फीडबॅक एक-एक ओहमच्या आधीच, पिनवरूनच घ्यायचा.

एक ओहमचे हे रेझिस्टर वगळू नका. दोन भागांच्या ऑफसेटमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. फरक ४ मिलिव्होल्टचा धरला तर दोन ओहममधून २ मिलिअँपिअर एका भागातून दुसऱ्यात फिरत राहतात, जे सोसण्यासारखं आहे. रेझिस्टर नसतील तर त्याच ४ मिलिव्होल्टपुढे फक्त तारेचा रोध उरतो, आणि दोन्ही भाग शांततेतही एकमेकांशी झुंजत राहतात.

आता ३२ ओहमला १४० मिलिअँपिअर, म्हणजे शिखराला साडेचार व्होल्ट आणि कागदावर ३१० मिलिवॉटच्या आसपास. १६ ओहमला १५५ च्या पुढे. आधीच्या २३ च्या तुलनेत ११ डेसिबल जास्त. आणि इथे मात्र ४७ ओहम खरोखर शक्ती खातात : तो रेझिस्टर तसाच ठेवला तर साडेसात व्होल्ट ७९ ओहममधून ९५ मिलिअँपिअरच घालू शकतात, आणि ३१० चे १४४ होतात. म्हणून मोठा बफर बसवून जुना रेझिस्टर तसाच सोडण्याला अर्थ नाही.

चिप बसवताना पुरवठ्याच्या दोन पिनांमध्ये, अगदी पायांजवळ, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. लांबच्या इलेक्ट्रोलिटिकवर विसंबलात तर ४५५६ ऑसिलेट होऊ शकतो, आणि ते कानाला ऐकू येत नाही. ओळखायचं असं : सिग्नल नसताना बॅटरीच्या वाटेत मीटर घालून प्रवाह मोजा. एक ५५३२ आणि दोन ४५५६ मिळून २५ ते ३० मिलिअँपिअर घेतात. मीटर ५० च्या पुढे दाखवत असेल, चिप शांततेतही गरम लागत असेल, किंवा केबल लावता-काढताना हा आकडा बदलत असेल, तर ऑसिलेशन आहे. कपॅसिटर जवळ आणा, इनपुटच्या तारा आउटपुटपासून दूर न्या, मग पुन्हा मोजा.

एवढं जमलं की राहतं ग्राउंड. तीन कड्यांच्या प्लगमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा परतीचा प्रवाह एकाच तारेतून येतो. जॅकपासून बोर्डापर्यंतच्या त्या तारेत आणि कुजक्या संपर्कात मिळून अर्धा ओहम असला, तर १६ ओहमच्या हेडफोनला एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला उणे ३० डेसिबलवर झिरपतो. गाण्याची रुंदी आक्रसते. जॅकच्या ग्राउंडची तार जाड घ्या, ती थेट दोन बॅटऱ्यांच्या मधल्या बिंदूला न्या, आणि इनपुट किंवा फीडबॅकचं ग्राउंड तिच्यावर वाटेत कुठे टाचू नका.

हेडफोन लावण्यापूर्वी शेवटचं मोजमाप डीसीचं. इनपुटला काही न जोडता, व्हॉल्यूम आधी पूर्ण खाली आणि मग पूर्ण वर करून जॅकवर डीसी मिलिव्होल्ट पाहा. ५५३२ च्या इनपुटमधून वाहणारा प्रवाह सर्वसाधारणपणे २०० नॅनोअँपिअर असतो. तो ५० किलोओहमच्या पॉटमधून गेला की १० मिलिव्होल्ट तयार होतात, आणि गेन ३ असेल तर जॅकवर ३०. तीनशे ओहमच्या हेडफोनला हे किरकोळ आहे, ३२ ओहमला त्यातून सतत एक मिलिअँपिअर वाहतो. वाचन २० च्या वर असेल तर पॉट १० किलोओहमचा घाला. ५५३२ च्या जागी ओपीए२१३४ सारखा एफईटी इनपुटचा ऑप-अँप बसवणं हा दुसरा मार्ग. पिना त्याच क्रमाने असतात, सॉकेट असेल तर सोल्डरिंगही लागत नाही. पॉट बदलूनही वाचन शंभरच्या पुढेच राहत असेल, तर काहीतरी चुकीचं जोडलंय किंवा ऑसिलेशन चालू आहे. ते सापडेपर्यंत जॅकवर ३३ ओहमचा रेझिस्टरच राहू द्या.